शेवटून कापली जाणारी नावे

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यात लोहगड आहे आणि लोहगडाच्या पायऱ्या जिथून सुरू होतात ती लोहगडवाडी. अशा गावाच्या याद्या वाढत जातात: जेवण-मुक्कामाची सोय देणारी घरे, वाहनतळ, दुकाने, घरपट्टी. याद्या कुणीतरी एक्सेलमध्ये करतो, त्या सीएसव्ही होतात आणि मग एखाद्या डेटाबेसच्या टेबलात लोड होतात. या शेवटच्या टप्प्यावर एक बिघाड होतो. तो झाल्याचे कुणाला कळत नाही आणि काही महिन्यांनी दोन याद्या एकमेकींशी जुळेनाशा होतात. टेबलातला कॉलम अरुंद असतो, आलेला मजकूर लांब असतो आणि डेटाबेस जादा अक्षरे शेवटून कापून उरलेली ठेवून घेतो.

नुसते वर्णन, पत्ता किंवा शेरा कापला गेला तर नुकसान डोळ्यांना दिसते आणि तेवढ्यापुरतेच राहते. पण ज्या कॉलमवरून एका टेबलातली ओळ दुसऱ्या टेबलातल्या ओळीशी जोडायची, तो ओळखकोडच कापला गेला तर प्रकरण वेगळे होते. मराठी गावनावांच्या बाबतीत हा धोका जास्त आहे, कारण आपल्याकडे नावाचा वेगळेपणा बहुधा शेवटी असतो. लोहगड आणि लोहगडवाडी, कोंढवा बुद्रुक आणि कोंढवा खुर्द, वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द. सुरुवात सारखी, फरक शेपटीला. आणि कात्री चालते ती शेपटीवरच.

समजण्यासाठी एक उदाहरण रचू. मावळातल्या काही गावांतल्या घरांची यादी करायची आहे. प्रत्येक घराला तालुका, गाव आणि चार आकडी घरक्रमांक जोडून ओळखकोड दिला. उजवीकडे त्याची लांबी.

```
मावळ-भाजे-0014         14
मावळ-मळवली-0014        15
मावळ-लोहगडवाडी-0014    19
```

ही लांबी संगणकाच्या हिशोबाने मोजलेली आहे. त्याच्या लेखी काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार, पाय मोडण्याचे चिन्ह ही सगळी स्वतंत्र अक्षरे असतात. ‘लोहगडवाडी’ आपण सहा अक्षरांत म्हणतो, संगणक नऊ मोजतो. टेबल बनवणाऱ्यासमोर चाचणीसाठी भाजे आणि मळवलीच्या ओळी होत्या. जास्तीत जास्त पंधरा दिसले, तीन वर ठेवले आणि कॉलम अठराचा केला.

```sql
CREATE TABLE ghare (
  ghar_key VARCHAR(18) PRIMARY KEY,
  pramukh  VARCHAR(100)
);
LOAD DATA LOCAL INFILE 'ghare.csv'
INTO TABLE ghare FIELDS TERMINATED BY ',';
```

चाचणी नीट झाली. भाजे आले, मळवली आली. मग पुढची खरी फाइल आली आणि तिच्यात फक्त लोहगडवाडीची १२० घरे होती, `0001` ते `0120`. एकोणीस अक्षरांतले शेवटचे एक कापले गेले, म्हणजे घरक्रमांकाचा एकक गेला. `0014` चे `001` झाले, `0015` चेही `001` आणि `0019` चेही. १२० वेगळ्या कोडांचे फक्त १३ कोड उरले: `000` मध्ये ९ घरे, `001` ते `011` या अकरांमध्ये प्रत्येकी १०, आणि `012` मध्ये एकटे घर क्रमांक १२०.

पुढे काय होते ते टेबलाच्या रचनेवर अवलंबून आहे आणि इथेच हा बिघाड समजून घेण्यासारखा आहे, कारण एकाच कारणाचे तीन वेगळे परिणाम दिसतात.

वर लिहिल्याप्रमाणे कॉलम प्रायमरी की असेल, तर दुसऱ्यांदा आलेला तोच कोड घेतला जात नाही. एरवी डेटाबेस अशा वेळी चूक दाखवून थांबला असता. पण `LOCAL` लिहिले, म्हणजे फाइल वापरणाऱ्याच्या संगणकावरून पाठवली, की मायएसक्यूएल अशा चुकांना इशाऱ्याचा दर्जा देते आणि काम चालू ठेवते. फाइलचा प्रवाह मध्येच थांबवण्याची सोय सर्व्हरकडे नसते, म्हणून तसे ठरवलेले आहे. परिणामी कापणेही इशाऱ्यावर निभावते आणि दुहेरी कोडाची ओळ टाकून देणेही. लोहगडवाडीची १३ घरे टेबलात राहतात, १०७ जातात. शेवटी पडद्यावर एक ओळ येते, तिच्यात `Records: 120` आणि `Skipped: 107` असते. रात्री आपोआप चालणाऱ्या कामात ती ओळ कुणी वाचत नाही.

आता प्रायमरी की लावलेलीच नाही असे समजा. मग १२० च्या १२० ओळी टेबलात येतात. ओळी मोजून पाहणारा निश्चिंत होतो. दुसऱ्या टेबलात घरपट्टी आहे, एका घराला एक ओळ, आणि तिथला कोडाचा कॉलम तीस अक्षरांचा, म्हणजे पुरेसा. दोन्ही टेबले जोडली की लोहगडवाडीसाठी एकही जोडी जमत नाही, कारण एकीकडे अठरा अक्षरे आणि दुसरीकडे एकोणीस. अहवालात भाजे, मळवली व्यवस्थित दिसतात आणि लोहगडवाडीच्या एकाही घराची घरपट्टी आलेली दिसत नाही. गावाची पट्टी भरलेली असूनही थकबाकीची नोटीस निघू शकते.

तिसरी अवस्था मला सर्वांत घातक वाटते. दोन्ही टेबले एकाच माणसाने केली, दोन्हींत कॉलम अठराचा आणि दोन्हींत प्रायमरी की नाही. आता कोड जुळतात, पण गरजेपेक्षा जास्त जुळतात. `001` या कोडाची दहा घरे आणि दहा पट्ट्या, म्हणून शंभर जोड्या. `000` च्या ९ गुणिले ९ म्हणजे ८१, अकरा गटांच्या अकराशे आणि `012` ची एक. १२० ओळींच्या जागी ११८२ ओळी मिळतात. घरपट्टीची बेरीज केली तर बहुतेक घरांची रक्कम दहा वेळा धरली जाते. रिकामा अहवाल निदान डोळ्यात भरतो. फुगलेली बेरीज तालुक्याच्या मोठ्या आकड्यात मिसळली की कुणाला खटकत नाही.

हा घोळ उशिरा का कळतो याचेही उत्तर यातच आहे. दोन्ही बाजू सारख्याच कापलेल्या असतील तोवर काम चालल्यासारखे दिसते, विशेषतः गावात घरे कमी असतील तेव्हा. पुढे कुणीतरी चांगल्या हेतूने एक टेबल रुंद करतो, फाइल पुन्हा लोड करतो आणि त्या दिवशी जोड्या तुटतात. मग दोष त्या दिवशीच्या बदलावर येतो. खरी चूक त्याआधी कितीतरी महिने घडलेली असते.

आता रुंदी मोजण्याचा प्रश्न. `VARCHAR(20)` मधला वीस कसला, याचे उत्तर प्रत्येक डेटाबेसमध्ये सारखे नाही. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस अक्षरे मोजतात. ओरॅकलमध्ये वेगळे सांगितले नाही तर `VARCHAR2(20)` म्हणजे वीस बाइट. अॅमेझॉनच्या रेडशिफ्टमध्येही बाइटच मोजले जातात आणि एसक्यूएल सर्व्हरच्या `varchar` मध्येही. यूटीएफ-८ मध्ये रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. त्यामुळे जे टेबल इंग्रजी नावांसाठी वर्षानुवर्षे बिनतक्रार चालले, त्यात मराठी नावे भरायला घेतली की त्याची क्षमता एकदम तिसऱ्या हिश्श्यावर येते.

कोंढव्याचे उदाहरण वीस बाइटांत नेमके बसते. `Kondhwa Budruk` ला चौदा बाइट लागतात, काही अडचण नाही. मराठीत ‘कोंढवा’ या शब्दाचीच सहा चिन्हे, म्हणजे अठरा बाइट. मधली मोकळी जागा धरून एकोणीस. पुढचा ‘ब’ किंवा ‘ख’ तीन बाइट मागतो आणि शिल्लक एकच असतो. म्हणून बुद्रुक आणि खुर्द दोन्ही जातात, दोन्ही गावांचे ‘कोंढवा’ होते आणि मागे न दिसणारी एक मोकळी जागा राहते. लोहगडवाडीला सत्तावीस बाइट लागतात. वीसमध्ये तिचे ‘लोहगडव’ होते, ते निदान चुकलेले दिसते. कॉलम पंधरा बाइटांचा असेल तर मात्र नेमके ‘लोहगड’ उरते. कापून उरलेले नाव स्वतःच एक खरे ठिकाण असेल, तर ते वाचून कुणालाही शंका येणार नाही.

डेटाबेस कापण्याऐवजी थांबत का नाही, असा प्रश्न पडतो. आज बहुतेक थांबतात. ओरॅकल `ORA-12899` देऊन ओळ नाकारते. पोस्टग्रेस `value too long for type character varying` म्हणते. मायएसक्यूएलमध्ये ५.७ पासून कडक पद्धत मुळातच चालू असते आणि साध्या `INSERT` ला १४०६ क्रमांकाची चूक येते. त्याआधीच्या बऱ्याच सर्व्हरांवर ती बंद असे आणि कापलेला मजकूर १२६५ क्रमांकाच्या इशाऱ्यासह आत जाई. जुना सर्व्हर नव्यावर नेताना ‘आधी चालत होते ते चालेना’ म्हणून कडक पद्धत मुद्दाम बंद करण्याची सवय अजून गेलेली नाही, आणि ती मला अजिबात पटत नाही. ती चूक म्हणजे डेटाबेसने वेळेवर दिलेली तक्रार आहे.

पण थांबणाऱ्या डेटाबेसलाही आडवाटा आहेत आणि बिघाड बहुतेक तिथूनच शिरतो. मायएसक्यूएलमध्ये `INSERT IGNORE` लिहिले की कडक पद्धत चालू असतानाही मजकूर कापला जातो. पोस्टग्रेसमध्ये सरळ भरताना अडवले जाते, पण कुणी `nav::varchar(10)` असे स्पष्ट रूपांतर लिहिले तर ते न बोलता कापते, कारण एसक्यूएलच्या प्रमाणात तसेच ठरले आहे. रेडशिफ्टच्या `COPY` ला `TRUNCATECOLUMNS` हा पर्याय दिला की ते कापून घेते. लोड सारखा अडतो म्हणून घाईत हा पर्याय जोडला जातो आणि मग कायमचा राहतो. रेडशिफ्ट प्रायमरी की लिहून घेते पण पाळायला लावत नाही, म्हणून तिथे वरची तिसरी अवस्था सहज येते.

एसक्यूएल सर्व्हरची आडवाट वेगळी आहे. टेबलात भरताना तो अडवतो, आणि २०१९ च्या आवृत्तीपासून कोणत्या कॉलममध्ये कोणता मजकूर मावला नाही तेही सांगतो. मात्र स्टोअर्ड प्रोसिजरच्या पॅरामीटरमध्ये किंवा व्हेरिएबलमध्ये लांब मजकूर आला तर तो गुपचूप कापला जातो. टेबल रुंद, पॅरामीटर अरुंद, अशी जोडी झाली की टेबलापर्यंत मजकूर कापूनच पोचतो आणि टेबलाला तक्रारीचे कारणच उरत नाही. एकाच टेबलात प्रोसिजरमधून आलेल्या ओळी कापलेल्या आणि थेट लोड झालेल्या ओळी पूर्ण, असा मिश्र माल तयार होतो. `CAST(x AS varchar)` मध्ये आकडा लिहायचा राहिला तर तो तीस धरला जातो, हेही लक्षात ठेवावे.

नकाशांच्या कामात शेपफाइल वापरणाऱ्यांना हे दुखणे जुनेच आहे. तिच्या डीबीएफ भागात कॉलमचे नावच दहा अक्षरांपुरते असते, त्यामुळे `VILLAGE_NAME` चे `VILLAGE_NA` होते. आतला मजकूरही ठरलेल्या रुंदीत कापला जातो. जीडीएएल हे साधन त्याचा इशारा देते, पण प्रत्येक थराला एकदाच, पहिल्या कापलेल्या ओळीपाशी. पुढच्या हजार ओळी कापल्या गेल्या तरी ते पुन्हा बोलत नाही.

कापण्याने सुरक्षाही मोडते, हे २००८ मध्ये श्टेफान एसर या संशोधकाने दाखवले. नोंदणी करताना `admin`, मग कॉलम भरेल इतक्या मोकळ्या जागा आणि शेवटी एखादे अक्षर, असे नाव द्यायचे. तपासणाऱ्या प्रोग्रामला ते नवे नाव वाटते. तेव्हाचे मायएसक्यूएल शेवटचे अक्षर कापून टाकी, उरत `admin` आणि मोकळ्या जागा, आणि तुलना करताना ते शेवटच्या मोकळ्या जागा धरत नसे. एकाच ओळखीची दोन खाती होत. वर्डप्रेसला त्याच वर्षी यावर दुरुस्ती काढावी लागली. घरपट्टीचा घोळ आणि हा हल्ला यांत मूळ एकच: तपासणी पूर्ण मजकुरावर झाली आणि साठवण कापलेल्या मजकुराची.

मराठीच्या अभ्यासकांसाठी आणखी एक गोष्ट नोंदवतो. मोडी लिपी २०१४ साली युनिकोडमध्ये आली आणि तिच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ मध्ये चार बाइट लागतात. मायएसक्यूएलच्या जुन्या `utf8` मध्ये तीनपर्यंतचीच चिन्हे मावतात. कडक पद्धत नसलेल्या जुन्या सर्व्हरवर अशा कॉलममध्ये देवनागरीत सुरू होऊन मध्ये मोडी शब्द असलेली नोंद भरली, तर पहिल्या मोडी अक्षरापाशी मजकूर तुटतो आणि पुढचे सगळे जाते, मग कॉलम कितीही रुंद असो. दप्तरांची सूची करणाऱ्यांनी टेबल `utf8mb4` मध्येच करावे.

कापाकापी झाली आहे हे ओळखायचे कसे? इशारे टिकत नाहीत. `SHOW WARNINGS` फक्त शेवटच्या आज्ञेचे इशारे दाखवते आणि त्यांची संख्याही मर्यादित ठेवलेली असते, मायएसक्यूएल ५.७ मध्ये ६४ आणि ८.० मध्ये १०२४. महिन्यांनी पाहणाऱ्याच्या हाती फक्त टेबल असते. पण टेबल बोलते, त्याला लांबी विचारायची.

```sql
SELECT CHAR_LENGTH(ghar_key) AS len, COUNT(*)
FROM ghare GROUP BY len ORDER BY len;
```

खऱ्या नावांची लांबी हळूहळू विरळ होत जाते. दहा अक्षरांची पुष्कळ, पंधराची कमी, वीसची एखादी. कापलेल्या कॉलममध्ये ही उतरण मध्येच तुटते: कॉलमच्या कमाल रुंदीवर ओळींचा ढीग दिसतो आणि त्यापलीकडे अर्थातच काही नसते. आपल्या उदाहरणात चौदा आणि पंधरावर भाजे, मळवली दिसतील, सोळा-सतरावर शून्य, आणि प्रायमरी की नसेल तर अठरावर अचानक १२०. आयएफएससीसारखा कोड मुळातच ठरलेल्या, ११ अक्षरी लांबीचा असतो, तिथे असा ढीग योग्यच आहे. नावांत किंवा जोडून केलेल्या कोडांत तो दिसला तर संशय घ्यावा. बाइट मोजणाऱ्या डेटाबेसमध्ये ढीग नेमका कमाल रुंदीवर पडत नाही. तीन-तीनच्या हिशोबामुळे तो एक-दोन बाइट अलीकडे पसरतो, म्हणून तिथे बाइटांची लांबी काढून शेवटचे तीन आकडे एकत्र पाहावेत.

मराठीत आणखी एक खूण हाती लागते. कात्री जोडाक्षराच्या मध्ये पडली तर शब्दाच्या शेवटी पाय मोडलेले अक्षर उरते. ‘बुद्रुक’ चार चिन्हांवर तुटला की ‘बुद्’ होतो. गावाचे नाव असे संपत नाही.

```sql
SELECT nav FROM gave
WHERE HEX(RIGHT(nav, 1)) = 'E0A58D';
```

टेबल यूटीएफ-८ मध्ये असेल तर ही आज्ञा अशी तुटलेली नावे काढून देते. सगळी नाही, कारण बहुतेक तुकडे व्यंजनावर किंवा मात्रेवर संपतात आणि वाचायला धडधाकट दिसतात. पण एक जरी सापडले तरी कॉलम कापला गेल्याचा तो पक्का पुरावा समजावा.

दुरुस्तीत पहिली चूक होते ती `ALTER TABLE` ने कॉलम रुंद करून काम संपले असे मानण्याची. रुंद केल्याने पुढचे कापणे थांबते, गेलेले अक्षर परत येत नाही. मूळ फाइल हवीच. ती आधी एका कच्च्या टेबलात घ्यावी, जिथे सगळे कॉलम `TEXT` आहेत. तिथे सर्वांत लांब मजकूर किती, वेगळे कोड किती, ओळी किती हे मोजावे आणि मग कडक पद्धत चालू ठेवून, `IGNORE` न लिहिता, खऱ्या टेबलात न्यावे. मावणार नसेल तर तिथे चूक येईल आणि ती यायलाच हवी.

त्याच वेळी नावे जोडून ओळखकोड करण्याची पद्धतही सोडलेली बरी. पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत गावांना कोड दिलेले आहेत. गावाचा कोड एका कॉलममध्ये, घरक्रमांक दुसऱ्यात आणि दोन्ही मिळून प्रायमरी की, असे केले की गावाचे नाव कितीही लांब असले तरी त्याचा जोड्यांशी संबंध राहत नाही. नाव फक्त वाचण्यासाठी राहते.

सर्वांत किचकट भाग असतो तो मधल्या काळात कापलेल्या कोडाखाली जमा झालेल्या नव्या नोंदींचा. त्या मूळ फाइलमध्ये नसतात, त्यामुळे पुन्हा लोड करून सुटत नाहीत. त्यासाठी जुना कोड आणि त्याचे शक्य ते नवे कोड असे एक तक्ता-टेबल करावे लागते. लोहगडवाडीच्या उदाहरणात `012` ला एकच घर आहे, त्याच्या नोंदी प्रोग्राम स्वतः हलवू शकतो. उरलेल्या बारा कोडांत प्रत्येकी नऊ किंवा दहा घरे आहेत. तिथे कुटुंबप्रमुखाचे नाव, रक्कम, तारीख यांवरून जे निःसंशय जुळेल तेवढेच हलवावे आणि बाकीची प्रत्येक नोंद ‘घर अनिश्चित’ असा शेरा मारून वेगळी काढावी. मग पावतीपुस्तक समोर ठेवून, ज्याला गावातली घरे माहीत आहेत अशा माणसासोबत बसून ती एकेक करून लावावी लागते.